‘मी कैरी खाल्ली’ यात ‘ने’ नाही, मग हे वाक्य अर्गेटिव्ह कसं?

फोंड्याचा_मास्तर

नमस्कार. फोंड्याला मी पदवीच्या मुलांची मराठी व्याकरणाची शिकवणी घेतो. परवा एका मुलीने भाषाविज्ञानाच्या टिपणांतलं एक वाक्य दाखवलं: ‘मराठी भूतकाळात अर्गेटिव्ह आहे, वर्तमानकाळात नाही.’ पुरावा म्हणून ‘त्याने आंबा खाल्ला’ दिलं होतं, कारण कर्त्याला ‘ने’ लागतो.

तिने लगेच विचारलं, सर, ‘मी आंबा खाल्ला’ यात ‘ने’ कुठे आहे? ‘तू आंबा खाल्लास’ यात कुठे आहे? म्हणजे ‘मी’ आणि ‘तू’ असताना मराठी अर्गेटिव्ह नसते का? शिवाय ‘तो आंबा खात होता’ हाही भूतकाळच, तिथे तर ‘तो’लाही ‘ने’ नाही. दोन्ही शंका मला रास्त वाटल्या. ओळखायची खूण नक्की कोणती, आणि ती वर्गात फळ्यावर कशी दाखवावी?

जुना_गुरुजी

मास्तर, यात नवीन काही नाही. आपण शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग शिकलो. ‘मी आंबा खाल्ला’ हा कर्मणी. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, कर्ता तृतीयेत असतो. इंग्रजीत ज्याला पॅसिव्ह म्हणतात तेच हे. अर्गेटिव्ह हे त्याचंच परदेशी नाव. मुलीला एवढं सांगा, तिचं समाधान होईल.

सांतेर

मास्तर, मुलगी हुशार आहे, तिच्या दोन्ही शंका मुद्द्याला धरून आहेत. गुरुजींचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, अर्ध्याकडे नंतर येते.

आधी ‘ने’ बाजूला ठेवा. फळ्यावर पहिल्यांदा कर्म नसलेलं क्रियापद घ्या: आंबा पडला, कैरी पडली, फळ पडलं. आता त्याच तीन वस्तू ‘खाणे’ला कर्म म्हणून द्या: मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली, मी फळ खाल्लं. शेवटचे स्वर ताडून बघा. जी वस्तू पडते आणि जी वस्तू खाल्ली जाते, त्या दोघींशी क्रियापद एकाच तऱ्हेने जुळतं. खाणारा पुरुष असो की बाई, त्याला काही फरक पडत नाही.

आता रूप बदला: आंबा पडतो, कैरी पडते. आणि मी कैरी खातो, मी कैरी खाते. इथे कैरीला कोणी विचारत नाही. ‘खातो’ की ‘खाते’ हे खाणाऱ्यावर ठरतं. म्हणजे आता पडणारी वस्तू आणि खाणारा माणूस एका बाजूला आले, कर्म एकटं पडलं.

सगळा प्रश्न या गटबाजीचा आहे. एकट्या कर्त्याच्या, म्हणजे पडणाऱ्याच्या जोडीला कोण बसतं? कर्म बसलं तर मांडणी अर्गेटिव्ह. करणारा बसला तर आपली नेहमीची, इंग्रजीसारखी. मराठीत क्रियापदाच्या रूपाप्रमाणे जोडी बदलते, म्हणून तिला स्प्लिट म्हणतात. यात ‘ने’चा उल्लेख कुठेच आला नाही हे मुलीच्या लक्षात आणून द्या. ‘ने’ हा एक साक्षीदार आहे, क्रियापदाची जुळणी हा दुसरा. ‘त्याने कैरी खाल्ली’ यात दोघेही बोलतात. ‘मी कैरी खाल्ली’ यात पहिला गप्प आहे, पण दुसरा तेच सांगतो.

एक काळजी मात्र घ्या. ‘तिने कैरी खाल्ली’ हे उदाहरण जुळणीसाठी निरुपयोगी आहे. ‘ती’ही स्त्रीलिंगी, कैरीही स्त्रीलिंगी, ‘खाल्ली’तला ‘ई’ कोणाचा ते कळणारच नाही. करणारा आणि कर्म यांची लिंगं मुद्दाम वेगळी ठेवायची: तिने आंबा खाल्ला, त्याने कैरी खाल्ली. टिपणांमधली बरीच उदाहरणं याच कारणाने काहीच सिद्ध करत नाहीत. ‘त्याने आंबा खाल्ला’ हे त्यांतलंच.

मडगावची_बाय

सांतेरताई, माझ्या घरी कोंकणी, शाळा मराठी. कोंकणीत ‘मी’चाही साक्षीदार बोलतो! ‘हांव आंबो खातां’, पण ‘हांवें आंबो खालो’. ‘तूं’चं ‘तुवें’, ‘तो’चं ‘ताणें’. ‘हांव आंबो खालो’ कोणी म्हटलं तर कानाला लगेच खटकतं. मराठी शिकताना मला ‘मी’ दोन्हीकडे सारखाच बघून चुकल्यासारखं व्हायचं.

सांतेर

बाय, गोव्यात शिकवताना याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. मास्तर, तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलत असतील, त्यांच्या तोंडून ‘हांव’ आणि ‘हांवें’ काढून घ्या आणि शेजारी मराठी वाक्य लिहा. वाक्याची घडण तीच, फक्त मराठीत पहिल्या दोन पुरुषांचं वेगळं रूप उरलेलं नाही. जुन्या मराठीत ते होतं. संतांच्या रचनांत ‘म्यां’ आणि ‘त्वां’ भेटतात ते हेच. ते मागे पडले तरी क्रियापदाची जुळणी जागची हलली नाही.

आता मुलीची दुसरी शंका. टिपणांत ‘भूतकाळ’ लिहिलंय ते चूक आहे, आणि ते दाखवायला दोन वाक्यं पुरतात.

पहिलं: ‘काल दुपारी तो कैरी खात होता.’ काळ भूत, पण ‘ने’ नाही, आणि ‘होता’ कैरीकडे बघतही नाही. तीच गोष्ट ‘लहानपणी तो कैऱ्या खायचा’ची. हाही भूतकाळच, आणि जुळणी खाणाऱ्याशी.

दुसरं: ‘उद्या आपण पोचेपर्यंत त्याने कैरी खाल्ली असेल.’ गोष्ट उद्याची, तरी ‘ने’ हजर आणि ‘खाल्ली’ कैरीप्रमाणे.

म्हणजे काळ बदलून काही होत नाही. क्रिया पुरी झालेली म्हणून सांगतोय की चालू किंवा सवयीची म्हणून, यावर ते फिरतं. ‘ल’ असलेलं रूप आलं की जोडी बदलते, ‘त’ किंवा ‘यच’ असलेलं आलं की पुन्हा मूळ जागी. कोंकणीत बायला विचारा: ‘हांव आंबो खातालों’ म्हणते की ‘हांवें’?

मडगावची_बाय

‘हांव’च. आमचा भाऊ म्हणेल ‘हांव आंबो खातालों’. ‘हांवें खातालों’ असं होतच नाही. आणि खातालों हे गेलेल्या वेळेचंच आहे. हे मी कधी असं शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

जुना_गुरुजी

हे सगळं ठीक. पण मग कर्मणी प्रयोग म्हणायला हरकत काय? आमच्या व्याकरणकारांनी हेच तर सांगितलं.

सांतेर

गुरुजी, कर्मणी म्हणायला माझी काहीच हरकत नाही. आपल्या परंपरेत प्रयोग म्हणजे क्रियापद कोणाशी जुळतं ते, आणि ते वर्णन अगदी बरोबर आहे. हरकत आहे ती ‘पॅसिव्ह’ला. पॅसिव्हमध्ये करणारा मागच्या बाकावर जातो आणि कर्म वाक्याचा धनी होतं. मराठीचा खरा पॅसिव्ह ‘माझ्याकडून कैरी खाल्ली गेली’ हा आहे. त्यातलं ‘माझ्याकडून’ काढून टाका, वाक्य पुरं राहतं.

‘मी कैरी खाल्ली’ यात धनी कोण ते तपासायला दोन युक्त्या आहेत. एक, ‘आपला’ वापरून बघा: ‘आजीने आपली भाकरी खाल्ली’. आपली म्हणजे आजीची. दुसरी, ‘ऊन’ लावून बघा: ‘आजीने अंगणात बसून भाकरी खाल्ली’. बसली कोण? आजी. भाकरी नव्हे. दोन्ही ठिकाणी करणाराच धनी आहे. क्रियापदाचा शेवट भाकरीप्रमाणे, पण वाक्याची सूत्रं आजीच्या हातात.

सगळ्या अर्गेटिव्ह भाषा अशा नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये डिरबल नावाची भाषा आहे, तिचं व्याकरण आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी 1972 साली प्रसिद्ध केलं. त्या भाषेत ‘आईने बाबांना पाहिलं आणि परत गेलं’ अशा धर्तीचं वाक्य केलं, तर परत गेले ते बाबा. न सांगितलेला कर्ता पाहिल्या गेलेल्या माणसावरून घ्यायचा. मराठी माणूस तिथे आईच समजेल. तेव्हा मराठीची अर्गेटिव्हिटी रूपांपुरती आहे, वाक्य जोडण्याच्या नियमांत ती शिरलेली नाही.

आणि गुरुजी, एक साधी गोष्ट. पॅसिव्ह म्हटलं की त्याच्या शेजारी अॅक्टिव्ह असायला हवा. ‘मी कैरी खाल्ली’ जर पॅसिव्ह असेल तर पुऱ्या झालेल्या क्रियेचा अॅक्टिव्ह कुठला? ‘मी कैरी खाल्लो’ असं पुस्तकी मराठीत नाही.

खानापूरकर_म्हापसा

आहे की! मी मूळचा खानापूर भागातला, आता म्हापशात दुकान आहे. आमच्याकडे ‘मी काम केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ सर्रास म्हणतात. इथे आल्यावर गिऱ्हाईक माझी भाषा दुरुस्त करतात. पण ‘तो काम केला’ असं मात्र मी म्हणत नाही, ‘त्यानं काम केलं’च म्हणतो. हे अशुद्ध आहे की याला काही नियम आहे?

मालवणी_मिरची

मलाही एक विचारायचं होतं. ‘त्याने’ बरोबर की ‘त्यानी’? मुलाच्या वहीत बाईंनी दोन्ही खोडलंय.

फोंड्याचा_मास्तर

मिरची, एक माणूस असेल तर ‘त्याने’, अनेक असतील किंवा आदराने बोलायचं असेल तर ‘त्यांनी’. अनुस्वार राहिला असेल. इथला मुद्दा थोडा वेगळा आहे, पण वही बघून पुन्हा विचारा.

खानापूरकर, तुमचं ऐकून मला फार बरं वाटलं. सांतेरताई, यावर सांगा.

सांतेर

खानापूरकर, अशुद्ध वगैरे काही नाही. तुमच्या बोलीत नियम आहे आणि तो तुम्हीच सांगितलात. पुस्तकी मराठीत ‘मी’चा ‘ने’ गेला पण जुळणी राहिली. तुमच्याकडे पहिल्या पुरुषात जुळणीही करणाऱ्याकडे आली. तिसऱ्या पुरुषात मात्र ‘त्यानं’ आणि कर्माची जुळणी दोन्ही शाबूत आहेत. म्हणजे तुमच्या बोलीत दोन फटी आहेत: एक पुऱ्या आणि अपुऱ्या क्रियेमधली, दुसरी ‘मी’ आणि ‘तो’ यांच्यामधली. बोलणारा आणि ऐकणारा एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला, अशी फूट जगातल्या इतर भाषांतही पडते. डिरबलमध्येच ती आहे. सोलापूर, लातूरकडच्या बोलण्यातही ‘मी काम केलो’ ऐकू येतं.

पण मला तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या घरातली बाई हे कसं म्हणते? ‘मी काम केले’ म्हणाली तर त्याचा उपयोग नाही. तो ‘ए’ बाईचा असेल किंवा नपुंसकलिंगी ‘काम’चा असेल, काहीच कळणार नाही. पुल्लिंगी कर्म घ्यायचं. भात. ‘मी भात खाल्ला’ म्हणते की ‘मी भात खाल्ले’? आणि ‘तू’चं काय?

खानापूरकर_म्हापसा

‘तू भाकरी खाल्लास’ म्हणतो आम्ही पुरुषाला. बायकांचं पटकन आठवत नाही. बहिणीला फोन करतो, पण तिला आधी कारण सांगणार नाही, नाहीतर ती शाळेतलं बोलेल.

सांतेर

अगदी बरोबर केलंत, कारण सांगू नका. थेट ‘कसं म्हणतेस’ असंही विचारू नका. जेवणाच्या गप्पा काढा.

‘तू’चं तुम्ही दिलंत ते मोलाचं आहे. मास्तर, हे फळ्यावर घ्या. पुस्तकी मराठीत ‘तू भाकरी खाल्लीस’. त्या एका शब्दाच्या शेपटीत दोघं बसलेत: ‘ई’ भाकरीची, ‘स’ तुझा. कर्म बदला, ‘खाल्लास’, ‘खाल्लंस’. ‘स’ हलत नाही. करणारा बदला, ‘त्याने भाकरी खाल्ली’. ‘स’ जातो, ‘ई’ राहते. म्हणजे अर्गेटिव्ह वाक्यातही करणाऱ्याचा थोडासा माग क्रियापदावर राहतोच. आणि खानापूरकरांच्या ‘तू भाकरी खाल्लास’मध्ये ‘आ’सुद्धा ऐकणाऱ्या पुरुषाचा झाला. एका स्वरात सगळा बदल दिसतो.

जुना_गुरुजी

पॅसिव्हची तुलना मी मागे घेतो, ‘अंगणात बसून’चं उदाहरण पटलं. पण मला एक खुपतंय. ‘ती साडी नेसली’, ‘मी मराठी शिकलो’, ‘तो छत्री विसरला’, ‘मी चहा प्यायलो’. क्रिया पुरी झालेली आहे, कर्म आहे, ‘ल’ आहे. तरी ‘ने’ नाही आणि जुळणीही करणाऱ्याशी. तुमचा नियम इथे का चालत नाही?

सांतेर

गुरुजी, हा खरा अडचणीचा भाग आहे आणि मी तो गुळगुळीत करून सांगणार नाही. क्रिया पुरी असणं ही अट लागते, पण तेवढीच पुरत नाही. क्रियापद कोणतं हेही बघावं लागतं. तुमच्या यादीत ‘भेटणे’, ‘बोलणे’, ‘म्हणणे’ही घाला. पुष्कळ जण म्हणतात की या क्रियांचा परिणाम करणाऱ्यावरच होतो: शिकणारा शिकून बदलतो, पिणाऱ्याची तहान भागते, म्हणून ती कर्म नसलेल्या क्रियापदांसारखी वागतात. विचार चांगला आहे. पण मग ‘खाणे’चं काय? पोट खाणाऱ्याचंच भरतं, तरी ‘त्याने खाल्लं’. साडी नेसली ‘ती’, पण झगा घातला ‘तिने’. अर्थावरून कल कळतो, यादी मात्र पाठ करावी लागते.

उलट बाजूनेही एक खड्डा आहे. ‘त्याने यावं’, ‘तिने आता जायला हवं’. इथे ‘ल’ नाही, क्रिया पुरी नाही, ‘येणे’ला कर्मसुद्धा नाही, तरी ‘ने’ आहे. आणि ‘तो बसने आला’ यातला ‘ने’ तर करणाऱ्याचा नाहीच. नुसता ‘ने’ दिसला म्हणून अर्गेटिव्ह म्हणायचं नाही ते यासाठी.

फोंड्याचा_मास्तर

ताई, मुलगी आज शेजारी बसून वाचतेय. तिने दोन प्रश्न दिलेत. पहिला, फूट नेमकी पुऱ्या क्रियेपाशीच का पडली? दुसरा, ‘मी तिला पाहिलं’ यात ‘पाहिलं’ कोणाशी जुळतं? ‘मी’ पुरुष, ‘ती’ स्त्री, आणि क्रियापद नपुंसक.

सांतेर

दुसरा आधी. कोणाशीच नाही. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापदाला जुळायला मोकळं नाम उरत नाही, मग ते नपुंसक एकवचनात थांबतं. गुरुजींचा भावे प्रयोग. ‘मी मुलगी पाहिली’ आणि ‘मी मुलीला पाहिलं’ शेजारी ठेवा. याला अर्गेटिव्ह संपलं असं समजू नका. ‘त्याने मुलीला पाहिलं’ यात ‘ने’ तसाच आहे, फक्त दुसरा साक्षीदार गप्प झाला. हा मराठीचा स्वभाव आहे, सगळ्या शेजारणींचा नाही. गुजरातीत कर्माला प्रत्यय लागला तरी क्रियापद कर्माचंच लिंग घेतं.

पहिल्याचं उत्तर इतिहासात आहे. आपली ‘ल’ची रूपं संस्कृतातल्या ‘गत’, ‘कृत’ अशा विशेषणांच्या वंशातली. ‘सः गतः’ म्हणजे तो गेलेला. ‘तेन कार्यं कृतम्’ म्हणजे त्याच्याकडून केलेलं काम. विशेषण कोणाचं? पहिल्यात जाणाऱ्याचं, दुसऱ्यात कामाचं. विशेषण ज्याचं, त्याच्याशी जुळलं. पुढे ही विशेषणंच पुऱ्या क्रियेची मुख्य क्रियापदं झाली आणि जुळणी बरोबर घेऊन आली. ‘करतो’मधला ‘त’ दुसऱ्या घराण्यातला आहे, ‘करत असलेला’ या अर्थाच्या विशेषणाचा, आणि ते विशेषण करणाऱ्याचंच होतं. म्हणून फूट नेमकी त्या दोन रूपांच्या मधे पडली. गुरुजींना पॅसिव्ह दिसला तो या मुळाशी खरोखर होता. आजच्या मराठीत तो राहिलेला नाही, एवढंच.

मडगावची_बाय

‘मी तिला पाहिलं’चं वाचून थबकले. आम्ही ‘हांवें तिका पळयली’ म्हणतो, ‘ताका पळयलो’ म्हणतो. म्हणजे ‘का’ लागूनही क्रियापद तिच्याप्रमाणे. पण माझी पेडण्याची मैत्रीण ‘पळयलें’ म्हणते असं मला वाटतं. नीट ऐकून सांगते.

सांतेर

बाय, हे नक्की ऐक. पेडणे मराठीच्या लगत आहे, तिथे मराठीसारखं होत असेल तर नवल नाही, पण एका मैत्रिणीवरून ठरवू नये. कर्म बाई असलेलं आणि कर्म पुरुष असलेलं, दोन्ही तऱ्हेची वाक्यं हवीत.

खानापूरकर_म्हापसा

बहिणीशी बोललो. जेवणाचं काढलं. ती म्हणाली ‘मी कधीचीच जेवले’. त्यात भात आलाच नाही.

सांतेर

‘जेवणे’ गुरुजींच्या यादीतलं आहे, ते सगळीकडेच करणाऱ्याशी जुळतं. त्यातून काही कळणार नाही. खाल्ला, केला, आणला, धुतला यांपैकी काहीतरी काढायला हवं. सदरा कोणी धुतला, असं विचारून बघा.

जुना_गुरुजी

माझ्या यादीतही एक भर घाला. आमच्या घरी मी ‘ती पाणी प्यायली’ म्हणतो आणि सून ‘तिने पाणी प्यायलं’ म्हणते. सुनेचं माहेर डिचोली, आमचं घर सत्तरीत. आजवर मी तिचं चूक धरत होतो. आता दोघांचंही टिपून ठेवतोय, ‘नेसणे’ आणि ‘शिकणे’चं ती काय करते तेही.